पानाखालचा तांबेरा

अल्काबाईच्या बोटांना तेंदूची पानं इतकी माहीत होती, की डोळे मिटूनही कोणतं पान बिडीला चालेल आणि कोणतं फाटेल हे ती सांगत असे. पस्तीस वर्षं त्या बोटांनी दुसरं काही केलं नव्हतं. म्हणून त्या सकाळी गच्चीवर बरबटीचं, म्हणजे लांब चवळीचं, एक पान बोटांत धरताच ती थबकली. पान वरून चांगलं हिरवं होतं, थोडे पिवळे ठिपके काय ते दिसत होते. पण खालून खरखरीत लागलं. तिनं पान उलटवलं. मागच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी-तांबूस फोड होते, ओळीनं नाही, शिंपडल्यासारखे. काही फुटले होते. तिच्या अंगठ्याला आणि तर्जनीला वीट घासल्यासारखी बारीक भुकटी लागली होती.

वेल तिचा नव्हता. शेजारच्या दुर्गेश्वरीचा होता.

गोंदियाच्या त्या गल्लीत दोन्ही घरांच्या गच्च्या एकमेकींना लागून होत्या, मधे गुडघाभर उंचीची भिंत. भिंतीच्या अलीकडं अल्काबाईच्या सात कुंड्या, पलीकडं दुर्गेश्वरीच्या सहा, जास्वंदाच्या तीन सोडून. सगळ्यांत बरबटीच होती, आणि बी एकाच ठिकाणचं, दुर्गेश्वरीच्या माहेरचं, बिरसीचं. हातभर लांब शेंग, टोकाला जांभळी. गावात आता ती कोणी लावत नव्हतं. आईनं मरायच्या आधी मूठभर बी हातात दिलं होतं, आणि त्यातलं निम्मं दुर्गेश्वरीनं भिंतीवरून अल्काबाईला दिलं होतं. "एका घरी संपलं तर दुसऱ्या घरी राहीन," एवढंच म्हणाली होती. दुर्गेश्वरीच्या कोपऱ्यातल्या मोठ्या कुंडीतला वेल सगळ्यांत दांडगा. दोरीवरून चढून तो पाण्याच्या टाकीपर्यंत गेला होता, आणि त्यावरच्या दहा-बारा शेंगा तिनं बियाणासाठी मुद्दाम न तोडता वाळत ठेवल्या होत्या.

दिवाळी होऊन गेली होती. धानाच्या कापणीसाठी दुर्गेश्वरी बिरसीला भावाकडं गेली होती, आणि जाताना तिनं पाण्याचं काम अल्काबाईवर सोपवलं होतं.

धूळ असेल, अल्काबाईला वाटलं. नाहीतर मिलचा कोंडा उडून बसला असेल. राईस मिलच्या गावात काय काय उडून येतं! तिनं खाली जाऊन एक जुनं फडकं आणलं, बादलीत भिजवलं आणि मोठ्या वेलाची पानं एकेक करून मागून-पुढून पुसली. फडकं तांबूस झालं. ते त्याच बादलीत पिळून तिनं दुर्गेश्वरीच्या बाकीच्या पाच कुंड्या पुसल्या. मग भिंत ओलांडून आपल्या सातही. संध्याकाळी पाईप लावून सगळ्या वेलांना वरून अंघोळ घातली. पानं चमकायला लागली. शेजारणीनं विश्वासानं सोपवलेलं काम नीट केल्याचं समाधान तिला त्या रात्री झोपताना होतं.

त्यानंतर दहाव्या दिवशी दुर्गेश्वरी परत आली. पिशवी दारात ठेवली आणि चहा न घेता थेट गच्चीवर गेली. थोड्याच वेळात तिचा आवाज खालपर्यंत आला.

"अल्काबाई! वर या तुम्ही! हे काय करून ठेवलं माझ्या वेलाचं?"

अल्काबाई वर गेली आणि पायरीवरच उभी राहिली. ती सांध्यांच्या दुखण्यानं चार दिवस वर आली नव्हती, नातवाकडून पाणी घालून घेत होती. मोठ्या वेलाची खालची पानं पिवळी पडून गळत होती. दुर्गेश्वरीच्या सगळ्या कुंड्यांत ते नारिंगी पुरळ होतं. आणि भिंतीच्या अलीकडच्या तिच्या सातांपैकी तीन वेलांवरही.

"मी तं रोज पाणी देऊन राहिली बाई," ती म्हणाली. "पुसली बी पानं. एकेक पान पुसलं."

"पुसलं? कायले पुसलं? त्या बिडीच्या हातानं? तंबाखू लागला माझ्या झाडाले!" दुर्गेश्वरीनं वाळत ठेवलेल्या शेंगांकडं बोट दाखवलं. "माझ्या मायचं बी होतं ते."

बिडीच्या हाताबद्दल असं याआधी अल्काबाईला कोणी म्हटलं नव्हतं, निदान तोंडावर तरी नाही. तिनं कोपऱ्यात पडलेलं एक पान उचललं, पदराच्या टोकात बांधलं आणि खाली उतरली.

तिची सून हर्षा एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे तिचं काम. दुपारी जेवायला घरी आली तेव्हा सासूनं पदर सोडून पान तिच्यापुढं ठेवलं.

"खरं सांग, तंबाखूनं होते काय असं?"

हर्षानं पान उलटवून पाहिलं आणि झटकन एक प्लॅस्टिकची पिशवी आणून त्यात टाकलं, तोंड घट्ट बांधलं. "आई, पदर धुवायला टाका. आणि हातही धुवा, साबणानं."

"काऊन?"

"हा तांबेरा आहे. तंबाखूचा काही संबंध नाही. बीएस्सीला असताना शिकवला होता. पण मी पण पुस्तकातच पाहिला आहे. संध्याकाळी लॅबमध्ये या. डॉक्टरसाहेबांना विचारून ठेवते."

साडेसहाला अल्काबाई लॅबमध्ये गेली. शेवटचा पेशंट निघून गेला होता, डॉक्टर आपल्या खोलीत कागदांवर सह्या करत होते. हर्षानं सेलोटेपचा तुकडा फाडून तो फुटलेल्या फोडावर हलकेच दाबला आणि काचपट्टीवर चिकटवला. टेपवर तांबड्या शाईचा बारीकसा डाग पडल्यासारखं दिसत होतं, बस.

"एक डोळा मिटू नका. दोन्ही उघडे ठेवा. आणि हे चाक हळू फिरवते, दिसलं की सांगा."

आधी नुसता उजेड दिसला. मग धुकं. मग त्या धुक्यातून काहीतरी वर आलं.

सोन्याचे दाणे होते. मधाच्या रंगाचे, गोल, थोडेसे लांबट, एकमेकांना लागून, एकावर एक, नजर पोचेल तिथपर्यंत. हर्षानं भिंग बदललं आणि दाणे मोठे झाले. आता प्रत्येकाच्या अंगावर काटे दिसत होते, बारीक, सारख्या अंतरावर, कदंबाच्या फुलावर असतात तसे. कोणी बसून एकेक काटा रोवला असता तरी इतकं नीट जमलं नसतं.

"हे... त्या भुकटीत होतं?"

"भुकटी म्हणजे हेच. त्याला बीजाणू म्हणतात. बुरशीचं बी समजा. एका फोडात हजारोंनी असतात."

अल्काबाईनं डोळा काढला, टेपवरच्या त्या इवल्या डागाकडं पाहिलं आणि पुन्हा डोळा लावला. पुन्हा काढला. एवढ्याशा डागात एवढं सगळं मावतं कसं, हे तिच्या मनाला पटेना. आयुष्यभर तिनं पानंच हाताळली होती, लाखो पानं, आणि कोणत्याही पानावर असं गाव वसलेलं असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

मग तिला ते तांबूस झालेलं फडकं आठवलं.

"हर्षा, म्या फडक्यानं पुसलं. एकाच फडक्यानं. पहिले तिचा मोठा वेल, मग बाकीचे सारे. मग पाईपानं पाणी मारलं."

हर्षा तिच्याकडं वळली. "वरून पाणी?"

"हो. संध्याकाळी."

"त्याला उगवायला ओलंच पान लागतं, आई. रात्रभर ओलं राहिलं की झालं. वाऱ्यानंही उडून गेलं असतं, दव तर पडतंच आहे. सगळं तुमच्यामुळंच झालं असं नाही. पण..."

"पण म्याच पेरलं," अल्काबाई म्हणाली.

हर्षानं दुसऱ्या काचपट्टीवर पाण्याचा थेंब टाकला, सुईच्या टोकानं फोडातली किंचित भुकटी त्यात सोडली, ओल्या कापसाच्या डबीत पट्टी ठेवली आणि डबी कपाटाच्या अंधारात सरकवली. "सकाळी पाहू. उगवतं का ते."

घरी परतल्यावर अल्काबाई जेवली नाही. ती सरळ दुर्गेश्वरीच्या दारात गेली. दुर्गेश्वरी तांदूळ निवडत बसली होती, तिनं मान वर केली नाही.

"तंबाखूनं नाई झालं ते," अल्काबाई उभ्यानंच म्हणाली. "पण माह्या हातानंच झालं. फडक्यानं सगळीकडं नेलं म्या. मले मालूम नव्हतं."

"आता मालूम होऊन काय फायदा?"

"जे उरलं ते वाचवता येते म्हणते हर्षा. पण तुमचा मोठा वेल तोडा लागन."

दुर्गेश्वरीनं सूप खाली ठेवलं. "तो वेल कोणी तोडणार नाई. पाच-सात पानं पिवळी झाली म्हणून काय झाड मारून टाकू? औषध मारू, झालं."

"उद्या सकाळी माह्यासंगं चला एकदा. पाहून घ्या. मग तुमच्या मनाले वाटन तसं करा."

"काय पाहू?"

"सांगता येत नाई मले," अल्काबाई म्हणाली, आणि ते खरंच होतं.

सकाळी आठला दोघी लॅबमध्ये पोचल्या. हर्षानं कपाटातली डबी काढली, पट्टी लावली, स्वतः आधी पाहिलं आणि चाक जरा फिरवून घेतलं. तिनं सासूला खुणावलं, पण अल्काबाई बाजूला झाली. "पहिले यांना."

दुर्गेश्वरी वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"धागा निघाला हाय," ती हळूच म्हणाली. "दाण्यातून धागा निघून राहिला."

मग अल्काबाईनं पाहिलं. भिंगाखाली दिसणाऱ्या आठ-दहा दाण्यांपैकी बहुतेकांतून एकेक पारदर्शक धागा बाहेर पडला होता, दाण्याच्या लांबीच्या कितीतरी पट लांब. कालचा सोन्याचा रंग आता दाण्यात राहिला नव्हता. तो धाग्यातून पुढं सरकत टोकाशी जमा झाला होता, आणि मागं राहिलेला दाणा रिकाम्या टरफलासारखा काचेसारखा दिसत होता. धागे इकडं वळले होते, तिकडं वळले होते, जणू काही चाचपत होते.

"काय धुंडाळून राहिले हे?" दुर्गेश्वरीनं विचारलं.

"दार," हर्षा म्हणाली. तिचा आवाजही बारीक झाला होता. "पानाच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, पान त्यातून श्वास घेतं. ती छिद्रं आपल्याला डोळ्यांनी दिसत नाहीत. छिद्राच्या कडेला जरासा उंचवटा असतो, केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा. हा धागा पानावर सरपटत जातो आणि तो उंचवटा लागला की थांबतो. डोळे नाहीत, नाक नाही. नुसत्या स्पर्शानं ओळखतो. मग तिथंच फुगतो आणि आत शिरतो. या काचेवर दार नाही, म्हणून हे असेच फिरत राहतील आणि मरतील. जिवंत पानाशिवाय ते जगत नाहीत."

अल्काबाईनं आपली बोटं एकमेकांवर घासली. पानाची शीर कुठं जाड, कुठं बारीक, हे तिला न पाहता कळायचं, आणि त्याचा तिला मनातल्या मनात थोडा अभिमानही होता. पण हे! ज्याला बोटच नाही, त्याचा हा स्पर्श!

"आणि आत गेल्यावर?" तिनं विचारलं.

"आत आठ-दहा दिवस राहतो. बाहेर काही दिसत नाही. मग फिकट ठिपका, मग फोड, फोड फुटला की पुन्हा हजारो."

दुर्गेश्वरी स्टुलावर बसली. म्हणाली, "देवानं कायले बनवलं असन एवढं बारीक?" तिचा प्रश्न कोणालाच नव्हता. मग पदरानं चेहरा पुसून तिनं हर्षाकडं पाहिलं. "बियात जाते काय हे? शेंगांच्या आतल्या?"

"नाही, मावशी. हा बियातून जात नाही. शेंग पुरती वाळलेली असेल तर बी चांगलं. वरची भुकटी पुसून टाकायची, सावलीत सोलायचं."

"मंग तोडू," दुर्गेश्वरी म्हणाली.

त्या दिवशी रविवार होता. लॅब अकरालाच बंद झाली आणि हर्षा घरी आली. तोवर दोघींनी पानाला हात लावला नव्हता, कारण हर्षानं बजावलं होतं की दवानं ओलं असताना वेलांत शिरायचं नाही, ओल्या हाताला आणि कपड्याला बीजाणू चिकटतात. अकरापर्यंत पानं सुकली होती. वारा पडलेला होता.

"आधी निरोगी कुंड्या," हर्षानं सांगितलं. "आजारी सगळ्यांत शेवटी. उलटं केलं तर आपणच घेऊन जाऊ."

अल्काबाईच्या चार चांगल्या कुंड्या त्यांनी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेल्या आणि दोन कुंड्यांत हात-दीड हात जागा सोडली, हवा खेळती राहावी म्हणून. मधे दुर्गेश्वरीच्या जास्वंदाच्या तीन मोठ्या कुंड्या आडव्या लावल्या. दुर्गेश्वरी घाबरली, "माझ्या जास्वंदाले लागन ना!" हर्षा म्हणाली, "हा बरबटीचाच आहे, मावशी. जास्वंदाला चालत नाही. जास्वंदाचा तांबेरा वेगळा असतो. हा जास्वंदावर पडला तरी उपाशी मरेल."

मग आजारी वेल. इथं हर्षानं दोघींना हळू बोलायला लावलं, जणू झोपलेलं मूल उठेल. पान झटकायचं नाही, वेल ओढायचा नाही. तिनं पिशवी उघडून खालून पानांच्या झुबक्यावर चढवली, तोंड आवळलं आणि मगच अल्काबाईनं कात्रीनं देठ कापला. तरी एकदा पिशवीच्या कडेला पान घासलं, आणि उन्हाच्या तिरिपीत एक नारिंगी धूर उठला. अगदी चिमूटभर. तिघीही जागच्या जागी थिजल्या. धूर उन्हात चमकला, वळला आणि कुठं गेला ते कळलंही नाही.

"किती असतील?" दुर्गेश्वरी कुजबुजली.

हर्षानं पिशवीचं तोंड आणखी आवळलं.

मोठ्या वेलाला शेवटी हात घातला. दुर्गेश्वरीनं स्वतः वाळलेल्या शेंगा कापून ओल्या कपड्यावर ठेवल्या, एकेक पुसली आणि कागदी पाकिटात घातली. कपडा पिशवीत टाकला. मग टाकीपर्यंत चढलेला तो वेल दोघींनी वरून खाली, हातहात अंतरानं, पिशवीत घेत कापला. मुळाशी आली तेव्हा दुर्गेश्वरी थांबली. अल्काबाईनं कात्री तिच्याकडं धरली नाही आणि स्वतःही पुढं केली नाही. वाट पाहिली. दुर्गेश्वरीनं हात पुढं करून कात्री घेतली आणि बुंधा कापला.

एकूण चार वेल पूर्ण गेले. बाकीच्यांची फक्त डागाळलेली पानं काढली. कुंड्यांतली गळलेली पानं वेचली, मातीवरचीसुद्धा. पिशव्या दुहेरी बांधून उन्हात ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी घंटागाडीत दिल्या, खताच्या खड्ड्यात नाही. कात्री साबणानं धुतली, हात कोपरापर्यंत धुतले, लुगडी बदलली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर हर्षानं कृषी केंद्रातून आणलेली गंधकाची भुकटी पुडीवर लिहिल्याप्रमाणे पाण्यात मिसळून, तोंडाला रुमाल बांधून, उरलेल्या वेलांच्या पानांच्या मागच्या बाजूला फवारली. "आत शिरलेल्याला हे मारत नाही," ती म्हणाली. "बाहेर बसलेल्याला दार उघडू देत नाही. म्हणून पहारा द्यावाच लागेल. आणि पाणी सकाळी, बुंध्याशी. पानावर थेंब नको."

तो पहारा दोघींनी दिला. रोज दुपारी, पानं कोरडी असताना, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दोघी पानं उलटवून पाहायच्या. सहाव्या दिवशी अल्काबाईच्या एका वेलावर तीन फिकट ठिपके दिसले, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे. फोड अजून आले नव्हते. ती बराच वेळ त्या ठिपक्यांकडं पाहत राहिली. आत तो धागा असेल, पेशी-पेशीतून वाट काढत, बाहेर यायची तयारी करत. मग तिनं पिशवीत घेऊन पान कापलं. नवव्या दिवशी दुर्गेश्वरीकडं दोन पानं. दहाव्या दिवशी एक. त्यानंतर काही नाही.

दुर्गेश्वरीनं तंबाखूच्या बोलण्याबद्दल माफी अशी मागितली नाही. पण एका दुपारी तिनं एक पान अल्काबाईपुढं धरलं. "हे पाहा बरं तुमच्या बोटानं. मले खरखरीत लागून राहिलं. तुम्हाले जास्त समजते." अल्काबाईनं पान हलकेच दोन बोटांत घेतलं. शिरेचा खरखरीतपणा होता, फोडाचा नव्हता. "चांगलं हाय," ती म्हणाली.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी गोंदियावर असं धुकं उतरलं की स्टेशनच्या गाड्यांचे नुसते भोंगे ऐकू येत होते. दोघी सवयीनं गच्चीवर आल्या होत्या. वेलांना नवी पानं फुटली होती, एका फांदीला फुलंही. प्रत्येक पान भिजलेलं होतं.

"आता येत असतील काय ते कुठून?" दुर्गेश्वरीनं विचारलं.

"येत असतील," अल्काबाई म्हणाली. "हवेत तं असतीलच."

तिनं त्या पांढऱ्या धुक्यात पाहिलं. दिसत काहीच नव्हतं. पण कुठल्यातरी शेतातून, कुठल्यातरी पानामागून सुटलेला एखादा काटेरी, सोनेरी दाणा आत्ता याच धुक्यात तरंगत असेल, कुठल्यातरी ओल्या पानावर उतरेल आणि धागा सोडून अंधारात दार शोधायला लागेल. तिच्या अंगावर शहारा आला, पण तो नुसत्या भीतीचा नव्हता.

दुर्गेश्वरीचा हात नकळत जवळच्या पानाकडं गेला.

"ओलं हाय," अल्काबाई म्हणाली.

दुर्गेश्वरीनं हात मागं घेतला. मग दोघी हात पाठीमागं बांधून, पानांना न शिवता, भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि ऊन येऊन पानं सुकायची वाट पाहू लागल्या.